‘किरकोळ’ या शब्दाविरुद्ध

२०२५ च्या जूनमध्ये आमच्या मिरजेतल्या एका वाचनालयात ‘घरखर्चाचा हिशेब’ या विषयावर व्याख्यान झाले. वक्ते एक निवृत्त बँक अधिकारी होते. गृहस्थ सुस्वभावी, बोलणे मुद्देसूद. दर महिन्याच्या एक तारखेला बँकेचा उतारा काढावा, त्यातल्या रकमा विमा, हप्ते, वीज, किराणा, औषधे अशा खात्यांत वाटून घाव्यात, म्हणजे आपला पैसा कुठे जातो ते आरशासारखे दिसते, असे त्यांनी सांगितले. मागून कोणीतरी विचारले, “आणि रोखीचा खर्च? भाजी, रिक्षा, कुणाच्या हातावर ठेवलेले पैसे?” वक्ते हसून म्हणाले, “ते किरकोळ. एटीएममधून जेवढी रक्कम काढली तेवढी ‘किरकोळ’ म्हणून एका ओळीत टाकून द्या आणि विसरा. आणि तेही नको असेल, तर सगळेच फोनने देत चला, म्हणजे आपोआप नोंद होईल.” सभेने मान डोलावली. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. उठून बोलावे असे फार वाटले. पण व्यासपीठावरचे गृहस्थ आयुष्यभर बँकेत हिशेब तपासत आलेले, आणि मी बालवाडीत शिकवणारी, मॅट्रिकच्या पुढे न गेलेली बाई. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून हिशेबावर बोलण्याचा अधिकार येत नाही. मी गप्प बसले. ते गप्प बसणे गेले चार महिने मला टोचते आहे, म्हणून हे लिहिते.

प्रथम त्यांच्या म्हणण्यातले जे खरे आहे ते मान्य करून टाकते. वर्षभराची बेरीजच हवी असेल, तर एटीएममधून काढलेली रक्कम म्हणजे रोखीचा खर्च असे मानण्यात फारशी चूक नाही. महिन्याच्या अखेरीस पाकिटात दोनशे-चारशे मागे-पुढे होतात, ते वर्षभरात एकमेकांना खाऊन टाकतात. ज्या घरात रोख फक्त एटीएममधूनच येते, तेथे ही बेरीज बहुतेक बरोबरच निघेल. माझे भांडण बेरजेशी नाही. त्या बेरजेला एक नाव देऊन ती मिटवून टाकण्याशी आहे. आणि ते नाव ‘किरकोळ’ असे असण्याशी तर फारच आहे.

याचे कारण घरचे आहे. २०२४ च्या दिवाळीआधी आमच्या घरी हाच प्रयोग झाला होता. ह्यांनी सहा महिन्यांचा बँकेचा उतारा छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. ह्यांचा खर्च त्यात नावानिशी होता: गाडीचा हप्ता, पेट्रोल, विम्याची रक्कम, मुलाची फी. प्रत्येक रकमेपुढे ती कुठे गेली ते छापलेले. माझ्या कार्डासमोर मात्र एकच मजकूर वारंवार आलेला: रोख काढली, रोख काढली, रोख काढली. सहा महिन्यांची बेरीज तेहतीस हजार झाली. हे रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “तेहतीस हजार! एवढं जातं तरी कुठे?” आणि मला उत्तर देता येईना. भाजी म्हटले, रिक्षा म्हटले, पण ती उत्तरे मलाच लंगडी वाटली. ज्या खर्चाला कागदावर नाव होते तो खर्च शहाणा ठरला, आणि ज्याला नाव नव्हते तो उधळपट्टी. महिन्याला साडेपाच हजारांऐवजी चार हजारच रोख काढायची असे ठरले.

आता पाहा, दीड हजार रुपये कुठून कमी झाले. भाजी कमी झाली नाही, कारण माणसे जेवायला बसतातच. मी परतीच्या वेळी वडापमधून दोन थांबे आधी उतरून चालत येऊ लागले. आणि दिवाळीची पोस्त कापली गेली. घंटागाडीबरोबर येणाऱ्या दोघी बायकांना दरवर्षी दोन-दोनशे देत असे, त्या वर्षी पन्नास-पन्नास दिले. त्यांतली थोरली बाई नोट हातात घेऊन म्हणाली, “असू दे वहिनी, तुमच्यात काही अडचण आली काय?” तिच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. ती काळजी मला अजून सोसत नाही. आमच्या घरी अडचण मुळीच आलेली नव्हती. कापायला सोपे काय, तर ज्याची नोंद नाही ते, एवढेच घडले होते.

तेव्हा ‘किरकोळ’ म्हणून टाका आणि विसरा, हा सल्ला वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

दुसरा सल्ला: सगळे फोनने द्यावे. मी फोनने पैसे देत नाही असे नाही. किराणा, औषधे, पुस्तके सगळे फोनवरच चालते. पण फोनवरची नोंद म्हणजे हिशेब नव्हे. माझ्या उताऱ्यात एकशे चाळीस रुपये एका माणसाच्या नावावर गेलेले आहेत. तो माणूस कोण? भाजीवाला, पंक्चर काढणारा, की झेरॉक्सवाला? महिन्यानंतर मला सांगता येत नाही, आणि बँकेला तर कधीच सांगता येणार नाही. उताऱ्यात माणसाचे नाव असते, वस्तूचे नसते. शिवाय काही पैसे फोनने देणे म्हणजे ते चुकीच्या हातात देणे होय. खानावळीत बिलाबरोबर फोनवर वीस रुपये जास्त दिले, तर ते मालकाच्या खात्यात जातात. वाढप्याला ते मिळतील की नाही हे मालकाच्या मनावर. टोपली घेऊन बसणाऱ्या एका म्हातारीच्या पुढे आता चौकटीचा कागद लावलेला आहे. मी फोन काढला की ती म्हणते, “सुटं असलं तर बघा बाई. त्यातलं पोराच्या खात्यात जातं.” तिला मी रोखच देते आणि देत राहीन. माझा हिशेब सोपा व्हावा म्हणून तिची कमाई मुलाच्या खात्यात घालण्याचा मला काय अधिकार?

मग करावे काय? येथे दुसरा एक वर्ग पुढे येतो, तो म्हणतो की पै-पै लिहा. आमच्या वक्त्यांनीही जाता जाता गांधीजींचा दाखला दिला होता. लंडनमध्ये शिकत असताना गांधीजी बसचे भाडे, टपाल, वर्तमानपत्र असा एकूण एक खर्च लिहून ठेवीत, हे खरेच आहे. आत्मचरित्रात त्यांनी ते सांगितले आहे. पण मौज अशी की हा दाखला देणारे सगळे अर्धाच देतात. गांधीजी नुसते लिहीत नव्हते, रोज रात्री निजण्यापूर्वी शिल्लक जुळवीत होते. सगळे मर्म त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. नुसते लिहिणे म्हणजे आठवणीवर विसंबणे, आणि या बाबतीत आठवणीइतकी लबाड वस्तू दुसरी नाही. सरकारलाही हे ठाऊक आहे. २०२२-२३ मध्ये घरगुती खर्चाची जी देशव्यापी पाहणी झाली, तिच्यात धान्य-डाळींचा खर्च गेल्या तीस दिवसांचा विचारला, पण भाजी, फळे, अंडी, मासे यांचा फक्त सात दिवसांचा. महिन्यापूर्वीची मेथीची जुडी कुणाला आठवत नाही, हे गृहीत धरूनच तो प्रश्न तयार केला होता.

मी स्वतः आठवून लिहिण्याचा उद्योग केलेला आहे, आणि त्यात काय होते ते कबूल करते. महिनाअखेर वही उघडली की पाने कोरी असत. मग मी मंगळवारी भाजी १२०, बुधवारी फळे १५० असे लिहून काढी, आणि काढलेल्या रकमेशी बेरीज बरोबर जुळवी. कादंबरी लिहिणाऱ्या बाईला हे काय अवघड! ती वही मी ह्यांना दाखवली असती तर त्यांचे समाधान झाले असते. पण ती वही खोटी होती, आणि खोटी आहे हे ओळखण्याची खूण तिच्यातच होती. तिच्यात फरक शून्य होता. रोखीच्या खऱ्या वहीत फरक शून्य कधी येत नाही.

हे मला माझ्या वडिलांमुळे कळले. ते सांगलीला हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. रात्री पेढी बंद करताना ते आधी गल्ला मोजीत आणि मग रोजकीर्द उघडीत. क्रम कधी उलटा होत नसे. लहानपणी मी विचारले, “आधी वही बघितली तर?” ते म्हणाले, “मग मोजणारा हात वहीकडे झुकतो.” वहीत १,८४० शिल्लक निघते हे आधी कळले, की माणूस १,८२० मोजूनही ‘पुन्हा मोजू’ म्हणतो आणि १,८४० होईपर्यंत मोजत राहतो. मोजलेला आकडा आधी कागदावर, मग वहीतली शिल्लक, मग दोहोंतला फरक. आणि तो फरक ते वेगळ्या ओळीवर ‘न लागलेला’ म्हणून लिहीत. दुसऱ्या कुठल्या खात्यात तो ढकलीत नसत.

गेल्या जुलैत मी तेच माझ्या पाकिटाला लावले. खर्च टिपण्यापेक्षा पाकीट मोजण्यावर भर दिला. एक जुलैला सकाळी पाकिटात ६४० रुपये होते. दोन तारखेला ३,००० आणि सतरा तारखेला २,५०० काढले. शाळेतल्या एका बाईंसाठी मी फोनवर पुस्तके मागवली होती, त्यांनी त्याचे ४५० रोख दिले. हे ४५० बँकेच्या उताऱ्यात कोठेच रोख म्हणून दिसत नाहीत, पण पाकिटात आले ते आलेच. एकूण ६,५९०. एकतीस तारखेला रात्री पाकीट मोजले, ते ३८५ भरले. म्हणजे पाकिटातून गेले ६,२०५. हा आकडा कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाही, म्हणून तो पक्का. महिनाभर जमेल तसे वहीत टिपले होते, त्याची बेरीज ४,३५० झाली: भाजी-फळे २,७३०, वाहन ६२०, बाकी दळण, झेरॉक्स, हातावर ठेवलेले मिळून १,०००. फरक राहिला १,८५५.

पहिल्यांदा मला लाज वाटली. ह्यांच्या प्रश्नाला हेच उत्तर होते की काय? पण मी दर रविवारी पाकीट मोजून ठेवले होते, ते आता उपयोगी पडले. फरक सगळ्या आठवड्यांत सारखा नव्हता: पहिल्यात २१०, दुसऱ्यात २६०, चौथ्यात २९५, आणि तिसऱ्या आठवड्यात एकदम १,०९०. महिन्याचा एकच आकडा असता तर मी कपाळाला हात लावून बसले असते. तिसऱ्या आठवड्यातच काही घडले आहे हे कळल्यावर शोधणे सोपे झाले. ह्यांना एकदा सुटे हवे होते म्हणून मी ५०० रुपये रोख दिले होते, आणि ह्यांनी तेवढे लगेच फोनवरून माझ्या खात्यात टाकले होते. म्हणजे ते खर्च झालेच नव्हते, पाकिटातून निघून बँकेत जाऊन बसले होते. आणखी २०० मी गॅसवाल्यासाठी म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवले होते. तो डबाही एक पाकीटच, तो मोजायचा मी विसरले होते. हे सातशे गेले, फरक १,१५५ वर आला.

मग वाहन पाहिले. मिरजेहून सांगलीला शाळेत जायला मला वडापला वीस रुपये लागतात, यायला वीस. शाळेच्या हजेरीपटावर जुलैत माझ्या सह्या तेवीस. तेवीस गुणिले चाळीस म्हणजे ९२०. वहीत होते ६२०. तीनशे रुपये कुठे गेले? वही नीट वाचली तेव्हा गंमत कळली. सकाळचे भाडे बहुतेक रोज लिहिलेले होते. संध्याकाळचे पंधरा वेळा राहून गेले होते. जाताना माणूस हिशेबात असतो, येताना तो दमलेला असतो. जो खर्च ठराविक आहे तो आठवून लिहूच नये, दिवस मोजून गुणावा, हे मी तेव्हापासून धरले आहे. वहीत आता वाहन लिहीत नाही. हजेरीपट पाहते. वाटेत एखाद्या दिवशी पावसामुळे स्वतंत्र रिक्षा करावी लागली, तर तेवढीच टिपते.

राहिले ८५५. यासाठी ऑगस्टमधला एक आठवडा रोज रात्री पाकीट मोजले, आधी मोजणे आणि मग वही, अगदी वडिलांच्या क्रमाने. दिवसाचा फरक तीस-चाळीस रुपयांचाच असला, की तो कशाचा ते हमखास आठवते. तेवढा ताजा असतो. आणि आठवले ते असे: भाजी मी विसरत नव्हते, भाजी घेऊन झाल्यावर वाटेत घेतलेली दहाची कोथिंबीर आणि लिंबे विसरत होते. चहा विसरत नव्हते, दुसरीच्या चहाचे पैसे मी दिले ते विसरत होते. चपलेचा अंगठा शिवला ते वीस. गॅसवाल्याचे तीस. हे तीस देण्याची गरज नाही असे नियम सांगतो, कारण घरपोच आणण्याचा आकार सिलिंडरच्या किमतीतच धरलेला असतो. पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि ते ओझे पाठीवर घेऊन येणाऱ्या माणसाला कायदा वाचून दाखवण्याची माझी छाती नाही. सासूबाईंना दवाखान्यात नेले तेव्हा चाकांची खुर्ची ढकलणाऱ्याला पन्नास. देवळातल्या ताटात दहा. मुख्य खर्चाच्या शेपटीला लोंबणारा हा खर्च असतो. डोके लक्षात राहते, शेपूट राहत नाही.

या आठवड्यानंतर मी रोज मोजणे सोडून दिले. ते जन्मभर करण्यासारखे नाही, आणि केले तर माणूस चिडखोर होतो. आपले पैसे कुठून गळतात ते एकदा कळण्यापुरते ते करावे, पुढे रविवारी एकदा मोजणे पुरे. खातीही तीनच ठेवली: भाजी-फळे, वाहन आणि ‘हातावर’. या तिसऱ्या खात्याचे नाव मी मुद्दाम तसे ठेवले. वस्तू घेऊन दिलेले पैसे वेगळे आणि माणसाच्या हातावर ठेवलेले वेगळे. चौथी ओळ ‘न लागलेला’. तीत एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी रक्कम असेल तर मी शोधत नाही. अधिक असली तर प्रथम पाहते ते हे की पैसा खर्च झाला आहे, की नुसता एका पाकिटातून दुसऱ्या पाकिटात गेला आहे.

ह्यांनी हे सगळे पाहिले. थोडे हसले, मग सप्टेंबरात स्वतःचेही पाकीट चार रविवार मोजले. त्यांचा ‘न लागलेला’ किती निघाला हे मी येथे लिहिणार नाही. त्यांनी तो मला खरा सांगितला, एवढ्यावर माझे समाधान आहे. मात्र चार हजारांची मर्यादा त्यानंतर घरात कुणी काढलेली नाही.

व्याख्याते महाशयांना भेटण्याचा योग नंतर आला. मी त्यांना तिसऱ्या आठवड्याच्या १,०९० ची हकीकत सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि म्हणाले, “बाई, बँकेत आम्ही रोज संध्याकाळी हेच करत होतो. रोकड जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे.” मी म्हटले, “मग व्याख्यानात ते का नाही सांगितलंत?” ते म्हणाले, “घरच्या पैशांना कोण एवढं करतं?” चाळीस वर्षे परक्यांचा रुपया न् रुपया मोजणाऱ्या माणसाने आपल्या बायकोच्या पाकिटाला ‘किरकोळ’ म्हणावे, याचे मला नवल वाटले, आणि मी ते त्यांना बोलूनही दाखवले. ते रागावले नाहीत. नुसते गप्प झाले.

‘हातावर’ या खात्यात किती गेले त्याची बेरीज आता माझ्यापाशी आहे, म्हणून यंदाची पोस्त अंदाजाने ठरवावी लागली नाही. ऑगस्ट आणि सप्टेंबरात सहाशे-सहाशे आणि ऑक्टोबरात सहाशे असे अठराशे रुपये एका लिफाफ्यात वेगळे काढले. घंटागाडीच्या दोघींना तीन-तीनशे, पेपरवाला, दूधवाला, गॅसवाला आणि पोस्टमन यांना दोन-दोनशे, शाळेतल्या मावशींना चारशे. लिफाफ्यावर ही नावे लिहिली आहेत. सप्टेंबरचा ‘न लागलेला’ १४० रुपये आहे. त्यातले साठ कोथिंबीर-लिंबांचे असावेत. उरलेले ऐंशी मला अजून लागलेले नाहीत.